अंदाज बरोबर आहे हे कशावरून? वर्ग, अपूर्णांक आणि तोंडी हिशेबाचा वेग

आयबीपीएसच्या क्लार्क पूर्व परीक्षेत अंकगणिताला ३५ प्रश्न असतात आणि वेळ २० मिनिटं. एका प्रश्नाच्या वाट्याला साधारण चौतीस सेकंद येतात, प्रश्न वाचायचा वेळही त्यातच. उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. लातूर, नांदेड, परभणीच्या अभ्यासिकांमध्ये या चौतीस सेकंदांसाठी मुलं फार कष्ट करतात. पण बहुतेकांचे कष्ट एकाच दिशेने जातात: मोठे गुणाकार जलद कसे करायचे. माझं म्हणणं वेगळं आहे. परीक्षेत वेगवान असलेला मुलगा बऱ्याचदा गुणाकार करतच नाही. तो जवळच्या सोप्या संख्येवर जातो, तिथे जाताना किती चूक झाली आणि कुठल्या बाजूला झाली हे त्याला ठाऊक असतं, आणि तेवढ्यावर तो पर्याय निवडतो. चूक मोजता येणं, हे कौशल्य शिकण्यासारखं आहे. वर्ग आणि अपूर्णांक त्यासाठीच पाठ करायचे.

एक नेहमीच्या धाटणीचा प्रश्न घेऊ. १४३९.८७ चे ६२.४८ टक्के, अधिक १२९६.४ चं वर्गमूळ गुणिले ६.९८, बरोबर अंदाजे किती? पर्याय: १०६०, ११०५, ११५०, १२१०, १२७५.

हा प्रश्न पाहिला की हात आपोआप कच्च्या कागदाकडे जातो. तो थांबवा आणि आधी पर्याय बघा. सगळ्यांत जवळचे दोन पर्याय १०६० आणि ११०५, त्यांच्यात अंतर ४५. आपली चूक या अंतराच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे बावीसपेक्षा कमी राहिली तर चुकीच्या पर्यायावर बोट जाणारच नाही. अकराशे-बाराशेच्या उत्तरात बावीस म्हणजे जवळजवळ दोन टक्के. एवढी सूट प्रश्नकर्त्यानेच देऊन ठेवलेली आहे.

आता ६२.४८ टक्क्यांऐवजी ६२.५ घेऊ, म्हणजे पाच अष्टमांश. १४३९.८७ च्या जागी १४४०. त्याचा आठवा भाग १८०, पाच भाग ९००. १२९६ हा ३६ चा वर्ग. ३६ गुणिले ७ म्हणजे २५२. बेरीज ११५२. आता चूक बघू. टक्क्यात आपण ०.०२ जास्त धरले, १४४० वर त्याचा परिणाम पंचवीस-तीस पैशांइतका. ६.९८ चे ७ केले, त्याचा परिणाम ०.०२ गुणिले ३६, म्हणजे पाऊणच्या आसपास. दोन्ही वेळा वरच धरलं, तेव्हा खरं उत्तर ११५२ पेक्षा एखाद्याने कमी असणार. ते ११५१ च्या जवळ येतं. सूट बावीसची होती आणि आपण एक खर्च केला. ११५० वर खूण करून पुढे.

अपूर्णांक: आपल्या मोंढ्यात हे आधीपासून आहे

टक्केवारीचं अपूर्णांकात रूपांतर हे शिकवणीत शिकवायचं सूत्र म्हणून समोर येतं, आणि मुलं ते परकं समजून घोकतात. खरं तर आपल्याकडे जुन्या शाळेत पाढ्यांच्या जोडीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मोंढ्यातल्या जुन्या मुनीमांचा हिशेब अजून याच वळणाने चालतो. समजा सोयाबीन तीन क्विंटल पंचाहत्तर किलो भरलं आणि भाव २०२४-२५ च्या हमीभावाइतका, म्हणजे ४८९२ रुपये क्विंटल. आपण मोबाइलवर ४८९२ गुणिले ३.७५ करतो. मुनीम त्याला पावणेचार म्हणतो: चार क्विंटलचे १९,५६८, त्यातून पाव क्विंटलचे १,२२३ वजा, राहिले १८,३४५. तीन आकडी गुणाकार झालाच नाही. एक चौपट, एक चौथाई, एक वजाबाकी.

परीक्षेतही हेच करायचं, फक्त अपूर्णांकांचं कुटुंब थोडं मोठं घ्यायचं. निम्म्याचं निम्मं करत गेलं की ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के मिळतात, म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश. तृतीयांशाचं निम्मं करत गेलं की ३३.३३, १६.६७ आणि ८.३३. एक सप्तमांश म्हणजे १४.२८५७ टक्के, यातले अंक १४२८५७ असे फिरत राहतात, म्हणून दोन सप्तमांश २८.५७ आणि तीन सप्तमांश ४२.८६ वेगळे पाठ करावे लागत नाहीत. एक नवमांश ११.११ आणि एक अकरांश ९.०९ ही जोडी आहे. नऊ गुणिले अकरा जवळजवळ शंभर होतात म्हणून एकाच्या टक्क्यात दुसरा दिसतो. एवढं पुरे. तिसाव्या हिश्श्यापर्यंतचे तक्ते भिंतीवर लावणारी मुलं मी पाहिली आहेत, पण परीक्षेत त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळींना हात लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. प्रश्नात दर वेळी ६२.५ टक्के येत नाहीत. ६२ येतात, ६४ येतात, ३६ येतात. म्हणून अपूर्णांक हा मैलाचा दगड समजायचा: तिथपर्यंत जायचं आणि उरलेलं अंतर पावलांनी मोजायचं. ती पावलं म्हणजे एक टक्का आणि अर्धा टक्का. हे दोन्ही कुठल्याही संख्येचे लगेच निघतात.

जायकवाडीचा आकडा घेऊ, कारण पावसाळ्यात तो आपल्याकडे घरोघर विचारला जातो. धरणाचा उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर आहे. बातमीत आलं की उपयुक्त साठा ६२ टक्के झाला. किती पाणी? ६२ च्या जवळचा दगड ६२.५, म्हणजे पाच अष्टमांश. २१७१ चा आठवा भाग २७१.४, पाच पट १३५७. आपण अर्धा टक्का जास्त धरला. २१७१ चा एक टक्का २१.७, अर्धा जवळजवळ ११. ते वजा केले की १३४६. कागदावर केलेल्या गुणाकाराचं उत्तरही १३४६.०२ येतं. म्हणजे हा अंदाज राहिलाच नाही, नेमकं उत्तर झालं. पर्याय दूर असते तर १३५७ वरच थांबलो असतो. जवळ असले तर आणखी एक पाऊल टाकलं. कुठे थांबायचं हे पर्याय ठरवतात.

हा आकडा सरावाला फार चांगला आहे, कारण तो रोज थोडा बदलतो. ५८ टक्के झाला तर? सात द्वादशांश म्हणजे ५८.३३. कोणाला तो सुचला नाही तर साठातून दोन टक्के वजा करता येतील. दोन्ही वाटा बरोबर आहेत. एकच वाट खरी असा हट्ट धरला की डोकं परीक्षेत अडकतं.

भागाकार न करता तुलना

अपूर्णांकांचा सगळ्यांत मोठा फायदा माहितीच्या तक्त्यांवरच्या प्रश्नांत होतो. अभ्यासिकेत ज्याला सगळे डीआय म्हणतात, त्यात वेळ कशाने जातो हे बघा: चार-पाच ठिकाणांची वाढ टक्क्यांत काढायची, मग सर्वांत मोठी कोणती ते सांगायचं. मुलं पाच भागाकार करतात. बहुतेक वेळा एकही लागत नाही.

उदाहरणासाठी मी आकडे बनवले आहेत. चार बाजारांत सोयाबीनची आवक क्विंटलमध्ये, मागच्या वर्षी आणि यंदा. लातूर ४८,६०० वरून ५५,३००. उदगीर ३१,४०० वरून ३५,९००. हिंगोली २२,७०० वरून २५,६००. नांदेड २७,३०० वरून ३१,१००. सर्वांत जास्त टक्केवारीने वाढ कुठे झाली?

आधी नुसत्या वाढी काढा: लातूर ६७००, उदगीर ४५००, हिंगोली २९००, नांदेड ३८००. आता कोणतीही एक वाढ घेऊन ती मूळ आकड्याचा कितवा हिस्सा आहे हे ढोबळ बघा. ६७०० हा ४८,६०० च्या सातव्या हिश्श्याच्या आसपास दिसतो. मग सातवा हिस्सा हीच कसोटी धरा आणि प्रत्येक वाढीला सातने गुणा. लातूर: ४६,९००, मूळ ४८,६०० पेक्षा कमी, म्हणजे वाढ सातव्या हिश्श्याहून कमी. उदगीर: ३१,५००, मूळ ३१,४०० पेक्षा जास्त, म्हणजे वाढ सातव्या हिश्श्याहून किंचित जास्त. हिंगोली: २०,३००, कमी. नांदेड: २६,६००, कमी. सातव्या हिश्श्याच्या वर एकटं उदगीर आहे. उत्तर मिळालं. १४.३३ टक्के हा आकडा काढायची गरजच पडली नाही, कारण प्रश्नाने तो विचारलाच नव्हता.

कसोटीच्या वर दोन ठिकाणं आली असती तर? मग त्या दोघांचीच तुलना उरते. १७/२३ मोठा की २३/३१? तिरकस गुणाकार केला तर ५२७ आणि ५२९ येतात, म्हणजे दुसरा मोठा. पण इथेही एक सोपी वाट आहे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत अंश सहाने वाढला आणि छेद आठने. सहा अष्टमांश म्हणजे पाऊण, आणि पहिला अपूर्णांक पाऊणपेक्षा कमी आहे, कारण २३ चा पाऊण सव्वासतरा होतो. कमी असलेल्यात त्याच्याहून जास्त दराची भर पडली की तो वाढणारच. दोन अपूर्णांक एकमेकांना इतके चिकटलेले असतात तेव्हा ही वाट खूप उपयोगी पडते.

पंचवीसपर्यंतचे वर्ग आणि पुढचे सगळे

वर्ग पाठ करायचे ते कुठपर्यंत? पंचवीसपर्यंत. तेवढे झाले की सव्वाशेपर्यंतचे सगळे हातात येतात, आणि ते का येतात हे एकदा समजून घेतलं तर सूत्र विसरत नाही.

पन्नासपासून एखादी संख्या जितकी लांब आहे ते अंतर धरा. ४३ घेऊ, अंतर सात, खालच्या बाजूला. पन्नासचा वर्ग २५००. त्यातून शंभर गुणिले सात वजा, कारण दोन गुणिले पन्नास शंभर होतात. आणि शेवटी साताचा वर्ग ४९ मिळवायचा. २५०० वजा ७०० अधिक ४९, झाले १८४९. तोंडी करताना पंचवीसमधून सात गेले अठरा, पुढे एकोणपन्नास. ६३ साठी पंचवीसमध्ये तेरा मिळवले, अडतीस. पुढे तेराचा वर्ग १६९. इथे चुका होतात. मागे दोनच अंकांची जागा आहे, म्हणून १६९ मधला एक पुढे अडतीसमध्ये जायला हवा: ३९६९. घाईत तो हातचा राहून गेला तर ३८६९ लिहिलं जातं आणि शेवटचा अंक बरोबर असल्याने शंकाही येत नाही. पण ६३ ला नऊने भाग जातो, तेव्हा त्याच्या वर्गालाही जायला हवा. ३८६९ च्या अंकांची बेरीज २६, भाग जात नाही. ३९६९ ची २७, जातो. दोन सेकंदांची ही तपासणी पुष्कळ गुण वाचवते.

पंच्याहत्तरच्या पुढे शंभर हा दगड. ८८ शंभरपेक्षा बाराने कमी. ८८ मधून आणखी बारा गेले ७६, पुढे बाराचा वर्ग १४४, हातचा धरून ७७४४. ११२ साठी उलट: ११२ मध्ये बारा मिळवून १२४, पुढे १४४, झाले १२,५४४. हा आकडा चक्रवाढ व्याजात थेट वापरता येतो. बारा टक्के दराने दोन वर्षांत रक्कम १.२५४४ पट होते, म्हणजे व्याज २५.४४ टक्के. साडेसात हजारांवर दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज? पाव हिस्सा १८७५, राहिले ०.४४ टक्के म्हणजे ३३, एकूण १९०८. सरळव्याज २४ टक्के, म्हणून दोन्ही व्याजांतला फरक १.४४ टक्के. प्रश्न नेहमी हाच फरक विचारतो, आणि १.४४ हा बाराच्या वर्गाचा, १४४ चा, शंभरावा भाग आहे.

गुणाकारातही वर्ग कामाला येतात. ४७ गुणिले ५३ दिसले की दोन्ही पन्नासपासून तीन-तीन अंतरावर आहेत हे डोळ्यांनी टिपायचं: २५०० वजा ९, २४९१. ६८ गुणिले ७२ म्हणजे ४९०० वजा ४. एक सम आणि एक विषम असली की मधली संख्या पूर्ण येत नाही. मग एक संख्या एकाने हलवायची. ३८ गुणिले ४३ साठी ३७ गुणिले ४३ करा, १६०० वजा ९ म्हणजे १५९१, आणि उरलेला एक ४३ मिळवा: १६३४.

वर्गमूळ नेहमी थोडं जास्तच येतं

अंदाजाच्या प्रश्नांत वर्गमुळं जवळजवळ पूर्ण वर्गांच्या शेजारची असतात, तिथे काही करावं लागत नाही. पण १९५० चं वर्गमूळ हवं असेल तर? ४४ चा वर्ग १९३६. चौदा जास्त आहेत. या चौदाला ४४ च्या दुपटीने, म्हणजे ८८ ने भागा: ०.१६. वर्गमूळ ४४.१६.

हे का चालतं? ४४ मध्ये थोडीशी भर घातली तर वर्गात दोन भर पडतात. एक मोठी, ८८ गुणिले ती भर. दुसरी अगदी लहान, त्या भरीचा स्वतःचा वर्ग. आपण लहान भर सोडून दिली आणि सगळे चौदा मोठीच्या नावावर लावले. म्हणून आपलं उत्तर खऱ्यापेक्षा नेहमी किंचित जास्त येतं. ४५ कडून आलात तरी तसंच: २०२५ मधून ७५ कमी, ९० ने भागून ०.८३, म्हणजे ४४.१७. खरं वर्गमूळ ४४.१५८८. दोन्ही वाटांनी जास्तच आलं, पण ४४ कडून कमी चूक झाली, कारण ते जास्त जवळ होतं. पर्यायांत ४४.१६ आणि ४४.१७ समोरासमोर असले तर लहान तो उचलायचा, हे इथे नशिबावर सोडावं लागत नाही.

एक वाढवलं तर दुसऱ्याचं काय?

गुणाकारात टक्क्यांच्या चुकांची बेरीज होते. एक संख्या दोन टक्के वाढवली आणि दुसरी तीन टक्के, तर उत्तर साधारण पाच टक्के वाढलं. म्हणून एक वर नेली की दुसरी तितक्याच टक्क्यांनी खाली आणायची. ३८९ गुणिले ५२ मध्ये ३८९ चे ४०० केले, म्हणजे अकराने वर, पावणेतीन टक्क्यांच्या थोडं पुढे. मग ५२ मधून तितकेच टक्के, म्हणजे दीडच्या आसपास, कमी करा. ४०० गुणिले ५०.५ म्हणजे २०,२००. खरं उत्तर २०,२२८.

भागाकारात मात्र दोन्ही एकाच दिशेने हलवायच्या. हे मुलं हमखास उलट करतात, कारण गुणाकाराची सवय हाताला बसलेली असते. ४१७८ भागिले ५८.७ घ्या. ५८.७ चे ६० केले, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढ. वर ४१७८ मध्येही तेवढीच वाढ, म्हणजे जवळजवळ ९२. आता ४२७० भागिले ६०, उत्तर ७१.२. छेद वाढवून अंश तसाच ठेवला असता तर ६९.६ आलं असतं, आणि पर्यायांत ७० बसलेला असेल तर तो घेतला गेला असता.

वजाबाकी: इथे अंदाज फसतो

आता या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा धोका. अभ्यासिकेतल्या एका हुशार मुलीने विचारलं होतं, "सर, मी दोन टक्क्यांच्या आतच राहते, तरी अंदाजाचे प्रश्न का चुकतात?" तिचे चुकलेले प्रश्न एकत्र ठेवले, तर जवळजवळ सगळ्यांत वजाबाकी होती.

प्रश्न असा घेऊ: ४७८८ चे ३३ टक्के वजा ३९१७ चे ३९ टक्के. पर्याय १५, २९, ५२, ७४. ३३ टक्क्यांना तृतीयांश धरलं, १५९६. ३९ ला ४० धरलं, १५६७. वजाबाकी २९. पर्यायात २९ आहे, खूण केली आणि गुण गेला. खरं उत्तर ५२ आहे.

काय झालं? पहिल्या पदात चूक सोळाची, म्हणजे एका टक्क्याची. दुसऱ्यात एकोणचाळीसची, अडीच टक्क्यांची. दीड हजाराच्या संख्येत या चुका लहान आहेत. पण वजाबाकीने ते दीड हजार खाऊन टाकले आणि उरले जेमतेम पन्नास. चुका मात्र तेवढ्याच राहिल्या. आता त्या पन्नासच्या तुलनेत मोजायच्या, आणि तिथे तेवीसचा फरक म्हणजे जवळजवळ निम्मं उत्तर. प्रश्नकर्त्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच २९ पर्यायात ठेवलेला असतो.

ओळखायचं असं: वजाबाकीच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसल्या की सैल अंदाज बंद. तिथे दगडापासूनची पावलं पूर्ण टाकायची. १५९६ मधून ४७८८ च्या तृतीयांश टक्क्याचे सोळा कमी करा, १५८०. १५६७ मधून ३९१७ चा एक टक्का ३९ कमी करा, १५२८. फरक ५२. पाच-सहा सेकंद जास्त लागले, पण मोठा गुणाकार इथेही केला नाही. बाजूंमध्ये मोठा फरक असता, समजा १५८० मधून ३१० वजा करायचे असते, तर सैल अंदाज चालला असता.

दुसरी जागा जिथे अंदाज चालत नाही ती म्हणजे प्रश्नात "अंदाजे" हा शब्दच नसणं आणि पर्याय एकमेकांना चिकटलेले असणं. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, म्हणजे एसएससीच्या, आणि पोलिस भरतीच्या पेपरांत असे प्रश्न दिसतात: उत्तर नेमकं हवं, पर्याय १८,४२६, १८,४३६, १८,४४६ असे. तिथे शेवटचा अंकही मदत करत नाही, कारण तो सगळीकडे सहाच आहे. अंकांची बेरीज करून नऊने भागल्यावर उरणारी बाकी मात्र वेगळी येते: पहिल्याची तीन, दुसऱ्याची चार, तिसऱ्याची पाच. गुणाकाराच्या दोन्ही संख्यांची अशीच बाकी काढून गुणा, पर्याय सापडतो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की अंकांची अदलाबदल झाली तर ही तपासणी पकडत नाही. १८,४३६ आणि १८,३४६ दोघांची बाकी चारच येते.

सरावाची वही कशी ठेवायची

बहुतेक मुलं सराव करताना उत्तर बरोबर की चूक एवढंच बघतात. अंदाजाच्या सरावात ते पुरत नाही. वहीत प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा. आपलं अंदाजी उत्तर. ते खऱ्यापेक्षा जास्त असेल की कमी, हे खरं उत्तर बघायच्या आधीच. आणि किती टक्क्यांनी, हेही आधीच. मग कॅल्क्युलेटर काढा. दिशा चुकली असेल तर तो प्रश्न चुकला असं समजा, जरी पर्याय बरोबर आला असला तरी. दिशा चुकण्याचं कारण बहुधा वर सांगितलेल्या दोन जागांपैकी एक निघतं: भागाकारात छेद हलवून अंश विसरला गेला, किंवा वजा होणारं पद वाढवल्यावर उत्तर कमी होतं हे ध्यानात राहिलं नाही.

वर्गांसाठी वेगळा वेळ लागत नाही. एसटीत बसल्यावर पुढच्या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक घ्या, वर्ग करा, नऊची बाकी तपासा. टक्क्यांसाठी धरणाचा साठा, बाजारभावातली चढउतार, निवडणुकीतलं मतदान, जे समोर येईल ते. पण हे सगळं बोलून करा. कागदावर केलेला सराव कागदावरचा वेग वाढवतो, आणि चौतीस सेकंदांत पेन उचलायला फुरसत नसते. पेन एकाच ठिकाणी हवं, मोठ्या प्रश्नातल्या मधल्या उत्तरांसाठी. आधी काढलेलं ९०० डोक्यात धरून पुढचं वर्गमूळ काढायला गेलात तर दोनपैकी एक निसटतं, म्हणून ९०० कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि त्याच्या डोक्यावर एक लहान बाण काढा: जास्त धरलं असेल तर वर, कमी धरलं असेल तर खाली. वजा होणाऱ्या पदाचा आणि छेदाचा बाण मात्र उलटा काढा. सगळे बाण एकाच दिशेचे असले तर उत्तर त्या बाजूला सरकलेलं आहे आणि जवळच्या दोन पर्यायांतला दुसऱ्या बाजूचा घ्यायचा. बाण उलटसुलट असले तर चुका बऱ्याच अंशी एकमेकींना भरून काढतात, आणि आलेल्या आकड्याजवळचाच पर्याय घ्यायला हरकत नाही.